एकाच वर्षाचं रिटर्न तीनदा भरलं: आधी बिलेटेड, मग रिवाइज्ड, मग अपडेटेड

डिसेंबर 2025 मध्ये माझं 2023-24 या आर्थिक वर्षाचं इन्कम टॅक्सचं प्रकरण एकदाचं संपलं. एकाच वर्षासाठी मी तीन रिटर्न भरली, तीन वेगवेगळ्या कलमांखाली, आणि प्रत्येक वेळी वेगळे नियम वेगळे पैसे. तेव्हा नेटवर शोधताना मला नुसत्या व्याख्या सापडायच्या, पण "माझ्या बाबतीत नक्की काय होणार आणि किती जाणार" हे कुणी सरळ लिहिलेलं नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं आकड्यांसकट लिहितेय. कलमं, नियम आणि मुदती 1961 च्या कायद्यातल्या आणि तेव्हाच्या आहेत, माझं सगळं त्याच कायद्याखाली झालं.

सुरुवात जुलै 2024 ला. शेवटची तारीख 31 जुलै. मी दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भरून टाकते, पण त्या वर्षी 11 जुलैला बाबांचं ऑपरेशन झालं आणि नंतरचे पाच आठवडे घर ते हॉस्पिटल ते ऑफिस एवढंच चाललं. 31 तारीख लक्षात होती. रात्री दहाला वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर लॉगिनही केलं, पण दोन फॉर्म 16 होते (ऑक्टोबर 2023 मध्ये मी नोकरी बदलली) आणि दुसरा घरच्या लॅपटॉपवर. म्हटलं राहू दे, डिसेंबरपर्यंत भरता येतं, पाच हजार लेट फी जाईल, जाऊ दे.

इथेच माझी सगळ्यात महागातली चूक झाली, कारण फक्त लेट फी जात नाही.

शेवटच्या तारखेनंतर जे भरतो ते बिलेटेड रिटर्न, कलम 139(4). ते त्या असेसमेंट इयरच्या, म्हणजे आर्थिक वर्षाच्या पुढच्या वर्षाच्या, 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं (2024 ला ती तारीख नंतर 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढवली होती, पण ते आधी कुणालाच माहीत नव्हतं त्यामुळे त्यावर विसंबू नका). एकूण उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर लेट फी 5,000, पाच लाखांपर्यंत 1,000, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतच असेल तर फी नाही. टॅक्स बाकी असेल तर त्यावर 234A चं व्याज, दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला 1 टक्का. इथपर्यंत मला माहीत होतं.

माहीत नव्हतं ते हे की बिलेटेड रिटर्नमध्ये जुनी टॅक्स रिजीम, म्हणजे वजावटी घेता येतात ती जुनी पद्धत, निवडताच येत नाही. 2023-24 पासून नवी रिजीम डिफॉल्ट झाली आणि पगारदारांना जुनी हवी असेल तर ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडावी लागते. तारीख गेली की तो पर्याय गेला.

माझ्यासाठी ह्याचा अर्थ काय झाला ते सांगते. दोन्ही कंपन्यांचा मिळून पगार 9,60,000. दुसऱ्या कंपनीत मी मध्येच जॉइन झाले, गुंतवणुकीचे आणि भाड्याचे प्रूफ द्यायची तारीख हुकली, त्यामुळे टीडीएस जास्त कापला गेला, एकूण 47,000. एचआरवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या की काळजी करू नका, रिटर्न भरताना क्लेम करा, रिफंड येईल. बरोबरच सांगत होत्या त्या, पण ते मुदतीत भरलं तर.

जुन्या रिजीममध्ये स्टँडर्ड डिडक्शन 50,000, प्रोफेशनल टॅक्स 2,500, घरभाड्याची सूट 1,20,000, 80सी चे 1,50,000 आणि मेडिक्लेमचे 25,000 वजा केले तर करपात्र 6,12,500 राहतं आणि सेससकट टॅक्स होतो 36,400. म्हणजे 10,600 रिफंड मिळाला असता. नव्या रिजीममध्ये फक्त स्टँडर्ड डिडक्शन, करपात्र 9,10,000, टॅक्स 48,360. म्हणजे रिफंड सोडाच, उलट 1,360 भरायचे, त्यावर 13 रुपये व्याज आणि 5,000 लेट फी. एकूण 6,370.

24 ऑगस्टला शनिवारी दुपारी हे सगळं स्क्रीनवर दिसलं तेव्हा मला वाटलं मी कुठेतरी चुकीचं टिक केलंय. तीनदा मागे जाऊन पाहिलं. मग मावसदादाला फोन केला, तो एका सीएकडे बरीच वर्षं काम करतो. तो म्हणाला, "अगं तारीख गेली ना, आता जुनी रिजीम नाही मिळणार. त्या रात्री मला फोन केला असतास तर घरून पीडीएफ मागवून मी भरून दिलं असतं." 10,600 यायचे ते गेले आणि वर 6,370 भरले, म्हणजे चोवीस दिवसांच्या उशिराचे 16,970 रुपये. रडू आलं खरं सांगते, कारण तेव्हा हॉस्पिटलच्या बिलासाठी एकेक रुपया मोजत होतो.

दादाने अजून एक सांगितलं जे माझ्या बाबतीत नव्हतं पण शेअरवाल्यांसाठी फार महत्त्वाचं आहे: शेअर्समधला किंवा धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांत ओढायचा असेल तर रिटर्न मुदतीतच पाहिजे, बिलेटेडमध्ये तो पुढे जात नाही (घराच्या उत्पन्नातला तोटा मात्र जातो).

पैसे भरताना एक जपा. ई-पे टॅक्समध्ये असेसमेंट इयर विचारतात. आर्थिक वर्ष 2023-24 असेल तर असेसमेंट इयर 2024-25. मी घाईत 2023-24 निवडलं होतं, पेमेंटच्या आधीच्या पानावर दिसलं म्हणून वाचले. भरल्यावर चलानवरचा बीएसआर कोड आणि चलान नंबर रिटर्नमध्ये टाकायचा, मग सबमिट, मग आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय. हे व्हेरिफिकेशन 30 दिवसांच्या आत करायचं, नंतर केलं तर ज्या दिवशी व्हेरिफाय केलं तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. म्हणजे 31 जुलैला सबमिट करून सप्टेंबरमध्ये व्हेरिफाय केलं तर तुमचं वेळेत भरलेलं रिटर्नसुद्धा बिलेटेड होतं. आमच्या ऑफिसात एकाचं तसं झालंय.

सप्टेंबरमध्ये 143(1) ची इंटिमेशन आली, मागणी शून्य. मला वाटलं संपलं.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीनंतर बाबा जरा हिंडूफिरू लागले आणि त्यांनी स्वतःची कागदपत्रं आवरायला काढली. त्यांचं एक निळं प्लॅस्टिकचं फोल्डर आहे, रबर लावलेलं, ते रबर इतकं जुनं की हात लावताच तुटलं. आत एका सहकारी बँकेची एफडीची पावती, पहिलं नाव माझं. बाबांनी गावची जमीन विकल्यावर मला माझ्या वाट्याचे म्हणून दिलेले पैसे होते ते, मला पैसे दिल्याचं आठवत होतं पण त्यांनी त्याची एफडी केली आणि व्याज माझ्या एका जुन्या खात्यात दर तिमाहीला जमा होतंय हे डोक्यातून पार गेलं होतं. त्या वर्षाचं व्याज 32,000.

आणि मग मला आठवलं. ऑगस्टमध्ये रिटर्न भरताना प्री-फिल्ड माहितीत "इतर उत्पन्न" मध्ये 32,000 आले होते! माझ्या नेहमीच्या पासबुकात असं काही दिसत नव्हतं म्हणून मी हा आकडा चुकून आलाय असं समजून खोडला होता. एआयएस, म्हणजे आपल्या उत्पन्नाची आयकर विभागाकडे आलेली माहिती, पोर्टलवर उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती, तिथे बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे आकडे सगळं असतं. प्री-फिल्ड आकडा ओळखीचा वाटला नाही तर खोडायच्या आधी एआयएस बघा, एवढं कराच. व्याज 40,000 च्या आत होतं म्हणून बँकेने टीडीएस कापला नव्हता, त्यामुळे कापलेला टॅक्स दाखवणाऱ्या 26एएस मध्येही काही दिसलं नसतं, एआयएस मध्येच दिसतं.

आता प्रश्न असा की बिलेटेड रिटर्न रिवाइज करता येतं का. मी जुने लेख वाचले त्यात "नाही" लिहिलं होतं. तो जुना नियम. असेसमेंट इयर 2017-18 पासून बिलेटेड रिटर्नसुद्धा रिवाइज करता येतं. कलम 139(5), मुदत तीच 31 डिसेंबर किंवा असेसमेंट पूर्ण होईपर्यंत, जे आधी असेल ते. मला भीती होती की इंटिमेशन आली म्हणजे असेसमेंट झालं, आता दार बंद. दादा म्हणाला 143(1) ची इंटिमेशन म्हणजे नुसतं प्रोसेसिंग, ते असेसमेंट नाही, निवांत रिवाइज कर.

रिवाइज्ड म्हणजे आधीचं पुसून पूर्ण नवीन रिटर्न भरायचं, फक्त फरकाचं नाही, हे पण मला तेव्हाच कळलं. पहिल्या रिटर्नचा 15 आकडी ॲक्नॉलेजमेंट नंबर आणि तारीख द्यावी लागते, बाकी सगळं परत, दोन्ही फॉर्म 16 सकट. मुदतीच्या आत कितीही वेळा रिवाइज करता येतं. आणि ह्यात आकडा कुठल्याही बाजूला जाऊ शकतो: टॅक्स वाढू शकतो, कमी होऊ शकतो, राहिलेली वजावट घेता येते, रिफंड वाढवून मागता येतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी मनात एक आशा धरून होते की रिवाइज करतेच आहे तर जुनी रिजीम परत मिळेल का. नाही. मूळ रिटर्न बिलेटेड असेल तर रिवाइज केल्याने ते मुदतीतलं होत नाही.

27 नोव्हेंबर 2024 ला रिवाइज्ड भरलं. करपात्र 9,42,000, टॅक्स 53,352. 234A चं व्याज 13 चं 63 झालं, म्हणजे पहिलं रिटर्न भरलं त्या ऑगस्टपर्यंतच्या एका महिन्याचंच, पण मोठ्या रकमेवर. लेट फी एकदा भरली होती ती परत लागली नाही, हे मला सुखद वाटलं. आधीचे 6,370 वजा जाऊन 5,050 भरले. चूक आपणहून सुधारली म्हणून वेगळा दंड काही नाही, फक्त जो टॅक्स द्यायचाच होता तो दिला. एक तासाचं काम.

2025 उजाडलं. त्या वर्षी रिटर्नची तारीख 31 जुलैवरून 15 सप्टेंबर आणि शेवटी 16 सप्टेंबर केली होती, मी जुनी रिजीम निवडून 9 सप्टेंबरला भरूनही टाकलं. पण ह्या वेळी धडा घेऊन मी सगळ्या खात्यांची स्टेटमेंट्स ओळ न ओळ वाचत होते, आणि त्या जुन्या खात्याचं स्टेटमेंट चुकून दोन वर्षांचं डाउनलोड झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये दहा-दहा हजारांच्या दोन एंट्री. एका कॉलेजात मी दोन शनिवार वर्कशॉप घेतलं होतं त्याचं मानधन. परत तेच वर्ष! रक्कम लहान म्हणून टीडीएस नाही, एआयएस मध्येही नाही.

खरं सांगायचं तर दोन दिवस मी काही केलं नाही. घरात सगळे म्हणाले वीस हजारांसाठी कोण विचारतंय. पण पैसे बँकेतून आलेत, उत्पन्न माझं आहे, आणि मला ते तसंच सोडून झोप लागली नसती, म्हणून परत दादाला फोन.

रिवाइज करायची तारीख कधीच गेलेली. आता राहिलं फक्त अपडेटेड रिटर्न, कलम 139(8A), फॉर्म आयटीआर-यू. हे 2022 च्या फायनान्स ॲक्टने आलं, आधी असेसमेंट इयर संपल्यापासून 24 महिन्यांची मुदत होती, 1 एप्रिल 2025 पासून ती 48 महिने झाली. आधी रिटर्न भरलेलं असो, बिलेटेड असो की अजिबात भरलेलं नसो, अपडेटेड भरता येतं. पण ह्याची जात वेगळी आहे. रिवाइज्ड म्हणजे आपली चूक दुरुस्त करायची मुभा, अपडेटेड म्हणजे राहिलेलं उत्पन्न दाखवून जास्तीचा टॅक्स भरायची मुभा. आकडा फक्त वरच्या बाजूलाच जाऊ शकतो. रिफंड मागता येत नाही, आधीचा रिफंड वाढवता येत नाही, टॅक्स कमी करता येत नाही, तोट्याचं रिटर्न म्हणून भरता येत नाही. त्या वर्षाची असेसमेंटची कारवाई चालू किंवा पूर्ण झाली असेल, किंवा तुमच्यावर धाड पडली असेल तरी नाही. आणि एका असेसमेंट इयरसाठी एकदाच. नंतर अजून काही सापडलं तर परत अपडेट नाही.

शिवाय टॅक्स आणि व्याजावर जास्तीचा टॅक्स: असेसमेंट इयर संपल्यापासून पहिल्या 12 महिन्यांत 25 टक्के, 24 पर्यंत 50, 36 पर्यंत 60, 48 पर्यंत 70. माझं असेसमेंट इयर 2024-25 संपलं 31 मार्च 2025 ला, म्हणजे 31 मार्च 2026 पर्यंत 25 टक्क्यांत काम होणार होतं.

"एकदाच" हा शब्द वाचून मी थांबले. दोन आठवडे घेतले. त्या वर्षीची चारही खाती, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, यूपीआयने आलेले पैसे, सगळं एका वहीत लिहून काढलं आणि एआयएसशी ताडून पाहिलं. अजून काही निघालं नाही. तुम्हीही आयटीआर-यू भरणार असाल तर हे आधी करा, नंतर दुसरी संधी नाही.

मग ऑफलाइन युटिलिटी डाउनलोड केली. त्यात नेहमीच्या आयटीआर-1 च्या बरोबर एक जास्तीचा भाग असतो: आधी रिटर्न भरलं होतं का, भरलं असेल तर कुठल्या कलमाखाली, त्याचा नंबर, अपडेट करायचं कारण काय (मी "उत्पन्न बरोबर दाखवलं नाही" ह्या अर्थाचा पर्याय निवडला), आणि किती महिन्यांच्या टप्प्यात भरताय. इथे एक घोळ केला मी: आधीचं रिटर्न म्हणून ऑगस्टच्या बिलेटेडचा नंबर टाकला. दादाने फाइल बघितली आणि म्हणाला की रिवाइज्ड भरल्यावर ते जुनं संपलं, शेवटचं वैध रिटर्न नोव्हेंबरचं, त्याचाच नंबर टाक.

हिशोब असा आला. करपात्र 9,62,000, टॅक्स 56,472, म्हणजे आधीपेक्षा 3,120 जास्त. व्याजात 31 ची वाढ. दोन्ही मिळून 3,151, त्यावर 25 टक्के म्हणजे 788. एकूण 3,940 च्या आसपास. हेच मी 31 मार्च 2026 नंतर केलं असतं तर 788 च्या जागी 1,576. आणि हेच मानधन मी त्याच नोव्हेंबरात रिवाइज करताना दाखवलं असतं तर हे 788 लागलेच नसते. लेट फी इथेही परत नाही कारण ती आधीच भरली होती, पण ज्यांनी त्या वर्षाचं रिटर्न कधीच भरलेलं नाही त्यांना आयटीआर-यू मध्ये ती भरावी लागते. पैसे आधी भरावे लागतात, चलानशिवाय हे रिटर्न जातच नाही. 12 ऑक्टोबर 2025 ला अपलोड केलं, आधार ओटीपी, झालं.

ह्याच सुमारास ऑफिसातली एक ताई माझ्याकडे आल्या. त्यांनी 2023-24 चं रिटर्न भरलंच नव्हतं आणि टीडीएसचे 18,000 परत यायचे होते. कुणीतरी सांगितलं होतं की आता 48 महिने मुदत आहे, आयटीआर-यू भरा आणि रिफंड घ्या. मला फार वाईट वाटलं त्यांना नाही म्हणताना. 48 महिने सरकारला द्यायचं असेल तर आहेत, सरकारकडून घ्यायचं असेल तर 31 डिसेंबरच. त्यांच्यासाठी एकच वाट उरते, कलम 119(2)(b) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज, तो असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो पण उशिराचं खरं कारण आणि कागद द्यावे लागतात आणि मंजूर करायचं की नाही ते आयकर आयुक्तांच्या हातात. त्यांच्याकडे त्या काळातली बाळंतपणाची हॉस्पिटलची कागदपत्रं होती, आम्ही दोघींनी बसून अर्ज लिहिला, पोर्टलवर टाकला. उत्तर अजून यायचंय.

माझ्या अपडेटेड रिटर्नची इंटिमेशन 11 डिसेंबरला आली. मागणी शून्य. तिन्ही ॲक्नॉलेजमेंट, तीन चलानं आणि वहीतली ती दोन पानं मी बाबांच्या निळ्या फोल्डरमध्येच एफडीच्या पावतीमागे लावून ठेवली, बाबांनी त्याला नवीन रबर लावलंय आणि पावतीवर पेन्सिलने लिहिलंय, "व्याज दर तिमाही, जुनं खातं, रिटर्नमध्ये दाखवणे".